एकाला शंभरचा भाव

हेडन प्रॉसर यांना मी एकवीस वर्षं ओळखत होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं काउंटरच्या काचेपलीकडून. आमच्या खोऱ्यात शाळेची बस ते चालवायचे. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी अकराच्या सुमाराला ‘ब्लायथ अँड टँडी’ या पैजा घेणाऱ्या कंपनीच्या दुकानात यायचे, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून पेपरातली घोड्यांची पानं वाचायचे आणि दोन-तीन पौंडांची पैज लावून जेवायला घरी जायचे. जिंकले तर ‘आज मटणाचा पाय आणतो’ म्हणायचे, हरले तर काहीच म्हणायचे नाहीत. त्या दुकानाची मी मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे काय, तर काउंटरवर मी, झाडू मारायला मी, आणि शनिवारी मदतीला एक बाई.

जुलैमधल्या एका मंगळवारी ते थेट काउंटरपाशी आले.

“ओल्वेन, पोरी, एक भाव विचारून दे मला.”

“कसला?”

“एल्युनेड रीस. आपली पोस्टवाली. पुढच्या महिन्यात लँड्रिंडॉडला बोल्सची राष्ट्रीय स्पर्धा आहे, त्यात ती एकेरी खेळतेय. ती जिंकली तर किती देणार, विचार.”

मला हसू आलं. एल्युनेड सकाळी सहापासून पत्रं वाटते आणि दुपारी पार्कातल्या हिरवळीवर लाकडी गोळे सरकवते. चांगली खेळते, जिल्ह्यात एकदा जिंकलीही होती, पण राष्ट्रीय स्पर्धेत बत्तीस जणी असतात आणि त्यातल्या निम्म्या देशाकडून खेळलेल्या.

“मिस्टर प्रॉसर, असल्या खेळावर भाव कोण लावतं?”

“म्हणूनच विचारायचं. मी गेले तीन महिने रोज दुपारी बाकावर बसून तिला बघतोय. हात बदललाय तिचा.”

ज्या गोष्टीचा भाव आमच्या पडद्यावर नसतो, त्यासाठी मुख्य कार्यालयातल्या भावखोलीला फोन करायचा असतो. तिथे बसलेली माणसं विचार करून भाव सांगतात, आम्ही तो चिठ्ठीवर लिहून खाली सही करतो. मी फोन लावला. फोन उचलणारा माणूस घाईत होता, त्याच्या मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. मी खेळ सांगितला, स्पर्धा सांगितली, बत्तीस खेळाडू आहेत हेही सांगितलं. त्याने मला थांबायला सांगितलं. मिनिटभराने परत आला आणि भाव सांगितला. मी लिहिलं : एकाला शंभर.

“चाळीस पौंड,” हेडन म्हणाले.

त्यांनी एका वेळी चाळीस पौंड लावलेले मी कधी पाहिले नव्हते. चिठ्ठी यंत्रात सरकवली. अशी वेगळी पैज असली की चिठ्ठीचा फोटो भावखोलीत जातो आणि तिथून मंजुरी यावी लागते. थोड्या वेळाने पडद्यावर उत्तर आलं : चाळीस नाही, पंचवीसच.

“बघ, घाबरले,” हेडन म्हणाले. पण त्यांचा चेहरा जरा उतरला होता. “पेन्शनवाल्या म्हाताऱ्याचे पंधरा पौंड घ्यायला यांच्या जिवावर येतं.”

मी चाळीस खोडून पंचवीस केले, बाजूला सही केली आणि पावती त्यांच्या हातात दिली.

एल्युनेड जिंकली. अंतिम सामन्यात दोन वेळा देशाकडून खेळलेल्या एका मुलीला तिने एकवीस-एकोणीसने हरवलं. हेडन बसने तिथे गेले होते. सोमवारी आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता, आणि गळ्यात टाय होता. टाय बघून मी पण उठून उभी राहिले.

पावती यंत्रात घातली, आणि पैसे देण्याऐवजी पडद्यावर सूचना आली : देयक थांबवा, कार्यालयाशी संपर्क साधा.

फोनवर मला सांगण्यात आलं की भाव चुकलाय. एकाला दहा द्यायचा होता, तो शंभर लिहिला गेलाय. ही ‘पाल्पेबल एरर’, म्हणजे उघड चूक आहे, नियमाप्रमाणे पैज खऱ्या भावाने मोजली जाईल. म्हणजे लावलेले पंचवीस धरून पंचवीसशे पंचवीसऐवजी दोनशे पंच्याहत्तर पौंड.

हा नियम काय आहे ते मला ठाऊक होतं, हेडनना त्याहून जास्त ठाऊक होतं. तो आमच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता : भाव सांगताना डोळ्यांना उघड दिसेल अशी चूक झाली असेल, तर पैज लागली तेव्हा जो भाव असायला हवा होता त्याने ती मोजू, निकाल लागून गेला असला तरी. तीन वर्षांपूर्वी क्लिफ नावाचा एक गिलाव्याचं काम करणारा माणूस याच नियमात सापडला होता. फुटबॉलच्या एका सामन्यात संगणकाने दोन्ही संघांचे भाव उलटे लावले होते. देशात पहिल्या असलेल्या संघाला एकाला चौदा, आणि तळाच्या संघाला पाचाला एक. शहरातल्या बाकी सगळ्या दुकानांत नेमकं उलट होतं. क्लिफने माझ्याकडे बघून डोळा मारला होता आणि त्या पहिल्या संघावर पन्नास पौंड लावले होते. कंपनीने त्याला खऱ्या भावाने दहा पौंड जिंकल्याचे दिले. तो लवादाकडे गेला आणि हरला. हरायलाच हवा होता. तेव्हा हेडन खिडकीजवळच्या स्टुलावरून त्याला म्हणाले होते, “तुला दिसलं होतं, क्लिफ. दिसलं होतं आणि तू हात घातलास. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर खिशात घालणारा माणूस आहेस तू.”

आता तेच वाक्य त्यांना आठवलं असणार. फोन ठेवून मी सांगितलं. त्यांनी पैशांचं विचारलं नाही. भिंतीवरच्या चौकटीकडे बघत म्हणाले,

“म्हणजे मी क्लिफ झालो.”

“तसं कुणी म्हटलेलं नाही.”

“उघड दिसणारी चूक म्हणतात ना? उघड म्हणजे मला दिसली. मला दिसली आणि मी गप्प बसलो. याचा दुसरा अर्थ काय होतो, तू सांग.”

मी दोनशे पंच्याहत्तर मोजून पुढे केले. त्यांनी हात लावला नाही.

“हे घेतले तर मी मान्य केलं असं होईल का?”

“मला नाही माहीत. पण सही मागतील, की प्रकरण मिटलं म्हणून. सही करू नका.”

एवढं बोलायचा मला अधिकार नव्हता. पण तक्रार कशी करायची याचं पत्रक गिऱ्हाइकाला देणं माझं कामच होतं, ते मी दिलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. कंपनीने अंतिम उत्तर दिलं, किंवा आठ आठवडे उलटले, की स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. आणि तिथेही पटलं नाही तर कोर्ट आहेच, आता पैजेचा करार कोर्टात चालतो.

“पावतीचा फोटो काढून ठेवा,” मी म्हणाले. “मूळ पावती कुणाला देऊ नका, मलासुद्धा.”

त्यांनी पावती घडी न करता चष्म्याच्या डबीत ठेवली.

कंपनीचं उत्तर सहाव्या आठवड्यात आलं. हेडन ते घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, “वाच. मोठ्याने नको.” पत्र सभ्य होतं. जिल्हा विजेत्या खेळाडूला एकाला शंभर हा भाव कोणत्याही जाणकार गिऱ्हाइकाच्या लक्षात यायला हवा होता, असं त्यात होतं. तक्रारदार पैज लावण्यात अनेक वर्षांचा अनुभव असलेले आहेत, असंही होतं.

“‘अनुभव असलेले’,” हेडन म्हणाले. “किती गोड शब्दांत चोर म्हणतात बघ.”

त्याच आठवड्यात रसेल पाइक आला. आमच्या भागातल्या अकरा दुकानांचा साहेब, माझ्या मुलाच्या वयाचा, वाईट माणूस नव्हता. त्याने दोघांसाठी कॉफी आणली होती. मागच्या खोलीत बसून म्हणाला,

“ओल्वेन, लवाद आपल्याकडून सगळे कागद मागणार. तुमचा जबाब लागेल. भावखोलीतला माणूस म्हणतो त्याने दहा सांगितलं. फोनचं रेकॉर्डिंग सापडत नाहीये, त्या दिवशी यंत्रणा बदलत होते. तुम्ही ऐकण्यात चूक केली असेल तर तसं लिहा. शिक्षा वगैरे काही नाही. माणूस आहे, ऐकण्यात होतं असं.”

“आणि ऐकण्यात चूक झाली नसेल तर?”

“तुमची खात्री आहे?”

इथेच मी अडकले. कारण खात्री नव्हती. त्या दिवसापासून मी तो फोन मनात हजार वेळा ऐकला होता. कधी तो माणूस ‘हंड्रेड’ म्हणे, कधी ‘टेन’. त्याच्या मागचा गोंगाट आठवे, त्याची घाई आठवे, पण तो एक शब्द हाती येत नव्हता. चूक माझ्या कानाची असेल तर हेडनच्या तोंडातला घास मीच काढला होता.

“दोन दुकानं बंद होणारेत वसंतात,” रसेल कॉफीकडे बघत म्हणाला. “कुठली ते ठरलं नाहीये. मी धमकी देत नाहीये हां. नुसतं सांगतोय.”

“धमकी देत नसलास तर आज कशाला सांगतोस, बाबा?”

तो लाल झाला. खरंच झाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी पार्कात गेले. हिरवळ बंद झाली होती, ऑक्टोबर होता, पण क्लबच्या लाकडी खोलीत एल्युनेड आणि हेडन बसले होते. दोघांमध्ये एक वही होती.

“ये गं,” एल्युनेड म्हणाली. “मी माझी अब्रू काढतेय.”

तिने लवादाला पाठवायला स्वतःची कुंडली लिहायला घेतली होती. याआधी राष्ट्रीय स्पर्धेत ती पाच वेळा खेळली होती. चार वेळा पहिल्याच फेरीत बाहेर, एकदा दुसऱ्या फेरीत. जिल्ह्याचं अजिंक्यपद एकदा, तेही मुख्य प्रतिस्पर्धी बाळंतपणामुळे खेळत नसताना.

“ते शेवटचं लिहायची गरज आहे का?” हेडन म्हणाले.

“खरं आहे ना? मग राहू दे. ते म्हणतात मला एकाला दहा मोजायला हवं होतं. माझ्या नवऱ्यानेही नसतं मोजलं! स्पर्धेच्या आधी कुणी मला शंभरात धरलं असतं तरी मी त्याला केक दिला असता.” मग ती हसायची थांबली. “आयुष्यात एकदा जिंकले, हेडन, आणि मी किती वाईट होते हे लिहून द्यावं लागतंय.”

हेडननी थर्मास उघडला. त्यातला चहा झाकणात ओतून त्यांनी तिला दिला.

दुसऱ्या कुठल्याही बुकीने या स्पर्धेवर भाव काढला नव्हता, हेही हेडननी शोधून लिहिलं होतं. एल्युनेडच्या भाच्याने बुकींची इंटरनेटवरची जुनी पानं तपासून दिली होती. हे महत्त्वाचं होतं. क्लिफच्या वेळी पन्नास दुकानं एक सांगत होती आणि आमचा पडदा दुसरं. इथे शेजारी ठेवून बघायला भावच नव्हता. मग चूक ‘उघड’ कशी?

“पण शंभर माझ्या कानाने लिहिलेत,” मी म्हणाले. “आणि मला आठवत नाही, मिस्टर प्रॉसर. मी खोटं लिहू शकत नाही. तुमच्या बाजूनेसुद्धा नाही.”

त्यांनी वही मिटली.

“मी मागितलंय का तुझ्याकडे खोटं?”

“नाही.”

“मग जे आठवतं ते लिही. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून लिही. पंधरा पौंड कापले ते तरी आठवतंय का?” ते कडवटपणे म्हणाले. “मला आठवतंय. दुकानात चारचौघांत कापले.”

घरी येऊन मी कागद घेतला. बटाटे उकळत होते. पंधरा पौंड का कापले? हा प्रश्न मी इतक्या दिवसांत स्वतःला विचारलाच नव्हता. एकाला दहाने चाळीस पौंड म्हणजे कंपनीचं जास्तीत जास्त चारशेचं नुकसान. चारशेसाठी कुणी पैज कापत नाही, शनिवारी दुपारी एकेका घोड्यावर त्याहून जास्त जातात. एकाला शंभरने चाळीस म्हणजे चार हजार. तिथे मात्र माणूस थबकतो आणि म्हणतो, नको, पंचवीसच घ्या, अडीच हजारांपर्यंत ठीक आहे. चिठ्ठीचा फोटो त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्यावर माझ्या अक्षरात एकाला शंभर लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं, गुणाकार केला आणि पैसे कमी केले. फोनवर काहीही झालेलं असो, माझा कान चुकलेला असो वा नसो, तो भाव कंपनीच्या माणसाने बघून, तोलून स्वीकारला होता.

बटाटे तळाला लागले. मी जबाब लिहिला. फोनवर कोणता भाव ऐकला ते मला निश्चित आठवत नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. मग चिठ्ठीचा फोटो किती वाजता गेला, पंचवीसची मंजुरी किती वाजता आली, मध्ये किती मिनिटं गेली, हे यंत्राच्या नोंदीवरून लिहिलं. कुठल्या भावाला किती नुकसान होतं तेही लिहिलं. शेवटी सही केली आणि जबाब रसेलला पाठवला.

त्याचा फोन आला. “हे असंच पाठवायचं?”

“असंच.”

“पहिली ओळ आमच्या बाजूची आहे, बाकीचं त्यांच्या.”

“मी कुणाच्याच बाजूने लिहिलं नाही, रसेल.”

त्याने कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “ठीक आहे. पाठवतो.” आणि त्याने एक शब्दही न बदलता पाठवला, हे मला नंतर कळलं. त्याबद्दल मी त्याला मनातून मानते.

लवादाचा निर्णय डिसेंबरात आला. रविवारी मी हेडनच्या घरी गेले. एकट्या माणसाचं घर, पण भांडी चकचकीत. त्यांनी मला तो मोठ्याने वाचायला सांगितला.

निर्णय दोन पानांचा होता. उघड चुकीचा नियम वाजवी आहे आणि कंपनीला तो वापरायचा हक्क आहे, असं आधी होतं. पण चूक उघड होती हे दाखवणं कंपनीचं काम आहे. तुलनेला दुसरा भाव नव्हता. बत्तीस जणींच्या स्पर्धेत असा पूर्वेतिहास असलेल्या खेळाडूला एकाला शंभर हा भाव उदार असेल, अशक्य नाही. आणि मुख्य म्हणजे तो भाव लिहिलेली चिठ्ठी कंपनीने पाहिली होती आणि रक्कम कमी करून स्वीकारली होती. पुढे कंपनीला तो भाव जास्त वाटला, याने तो उघड चुकीचा ठरत नाही. पैजेचे पैसे मूळ भावाने द्यावेत.

“जिंकलात,” मी म्हणाले.

“हो.” त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि पुन्हा वाचला. बोट एकेका ओळीखालून फिरत होतं. “यात मी लबाड नव्हतो, असं कुठे लिहिलंय?”

मी बघितलं. तसं कुठेच लिहिलं नव्हतं.

“ते त्यांचं काम नाही, मिस्टर प्रॉसर. त्यांनी फक्त भाव बघितला.”

“कंपनीने पत्रात लिहिलं होतं ना. ते मागे घेतील का?”

“पैसे देतील. पत्र नाही लिहिणार.”

ते खिडकीबाहेर बघत बसले. समोरच्या घरावर कुणीतरी रंगीत दिवे लावत होतं आणि ते एका बाजूने सारखे विझत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद शोधायचा होता. नव्हता. क्लिफला बोलले होते ते त्यांना टोचत होतं, की पत्रातले गोड शब्द, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

“क्लिफ भेटला परवा,” तेच मग म्हणाले. “बाजारात. हात मिळवला आणि म्हणतो, ‘शाब्बास, त्यांना फसवलंस!’ मी म्हटलं, मी कुणाला फसवलं नाही रे बाबा. तर हसला. सगळ्यांना तसंच वाटणार.”

“मला नाही वाटत.”

“तुला नाही वाटत, हे मला माहीत आहे, पोरी.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला. “तुझं काय? दुकान?”

“एप्रिलमध्ये बंद. यादीत आहे. तुमच्यामुळे नाही, लोक आता फोनवरच पैजा लावतात.”

“माझ्यामुळे नाही, असं कुणी लिहून देईल?”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. “नाही देणार.”

“मग काय करणार?”

“शाळेच्या स्वयंपाकघरात जागा आहे. पगार कमी आहे.”

त्यांनी मान हलवली. पैसे आल्यावर एल्युनेडला नवे गोळे घेऊन देणार आहे, म्हणाले. जुने तिच्या आईचे आहेत, एका बाजूला झिजलेत. ती नाही म्हणेल, पण आपण ऐकणार नाही, असंही म्हणाले. मग ते उठले, कपाटातून दोन ताटल्या काढल्या आणि मला विचारलं, “सकाळी भाजलेल्या मटणाच्या पायाचे थंड काप आहेत. थोडं कांद्याचं लोणचं. बसतेस?”

मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पाव कापायला घेतला.